"खाली नाही, आई": एका दोन भाषांच्या कवितेचं प्रकरण

माझा एक मित्र बांधकामाच्या साइटवर मालाची नोंद ठेवायचं काम करतो. गाव सोडून बरीच वर्षं झाली, घरी आणि फोनवर मराठी, साइटवर दिवसभर हिंदी. तो कधीमधी कविता लिहितो आणि मला पाठवतो, मी त्यावर खुणा करून परत पाठवतो, असं आमचं चालतं. यावेळी त्याला दोन्ही भाषा एकाच कवितेत आणायच्या होत्या. त्या कवितेचे चार खर्डे झाले आणि प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं बिघडलं. ते सगळं इथे मांडतोय.

कवितेतली परिस्थिती साधी आहे. माणूस सातव्या मजल्यावर उभा, आईचा फोन आलाय, आणि त्याच वेळी मागून साहेब ओरडून कामाचं विचारतोय. घरचं नाव बाळू. साइटवर कुणाच्या तोंडात ळ बसत नाही, प्रमाण हिंदीत तो आवाजच नाही, त्यामुळे तिथे तो बालू. आणि बालू म्हणजे हिंदीत वाळू. म्हणजे दिवसभर लोक याला ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाचा ढीग खाली पडलेला असतो, आणि तो ढीग मोजणं हे याचं काम.

पहिला खर्डा चौतीस ओळींचा होता आणि त्यात त्याने प्रत्येक हिंदी ओळीखाली मराठी ओळ दिली होती. त्यातला एक तुकडा:

"बालू, ऊपर से देख, गाड़ी खाली है क्या?"
बाळू, वरून बघ, गाडी रिकामी आहे का?
"खाली है, साब."
हो साहेब, रिकामी आहे.
"बालू कितना बचा है?"
वाळू किती उरली आहे?
"आधा, साब."
अर्धी, साहेब.

वाचताना दोन भाषांत छापलेल्या सूचनेच्या पाटीसारखं वाटतं, एवढं तर कुणालाही दिसेल. पण मला त्याला नुसतं "कंटाळवाणं होतंय" असं सांगायचं नव्हतं, कारण तो लगेच म्हणाला असता की मग कळणार कसं लोकांना. म्हणून मी एकेक मराठी ओळ घेऊन बघत बसलो की ही ओळ हिंदी ओळीतलं नेमकं काय मारतेय. तीन ठिकाणी खरंच काहीतरी मेलेलं सापडलं.

पहिलं "खाली". हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. हिंदी अजिबात न येणाऱ्या मराठी माणसाने "गाड़ी खाली?" वाचलं तर तो अडत नाही, त्याला पूर्ण अर्थ लागतो, गाडी खाली आहे का. आणि गाडी खरंच खाली आहे, माणूस सातव्या मजल्यावर आहे! ती रिकामीपण आहे आणि खालीपण आहे, दोन्ही वाचक बरोबर. "रिकामी" हा शब्द आला की दुसरा अर्थ संपला.

दुसरं ते "आधा". साइटवरच्या हिंदीत बालू पुल्लिंगी बोलतात, कितना बचा, आधा. बाळू पण पुरुष. म्हणजे "बालू कितना बचा?" यात ढीग किती उरलाय हे तर आहेच, पण हा माणूस स्वतः किती उरलाय हेही आहे, आणि उत्तर येतं "आधा, साब". मराठीत वाळू स्त्रीलिंगी. "किती उरली, अर्धी" म्हटल्याबरोबर माणूस वाक्यातून बाहेर पडतो, फक्त ढीग राहतो. मी त्याला हे फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की लिहिताना मला हे दिसलंच नव्हतं रे. मला नाही वाटत की दिसायलाच हवं होतं, पण अनुवादाची ओळ लिहिताना आपण मूळ ओळीकडे बघणं थांबवतो हे मात्र खरं.

तिसरं म्हणजे "बालू" या शब्दाचा अनुवाद मुळात लागतच नव्हता. मराठी कानाला हिंदीतला ब आपल्याकडे व होतो आणि ल चा ळ होतो याची सवय असते, बाघ-वाघ, बीस-वीस, काला-काळा, फल-फळ. नियम म्हणून कुणी शिकत नाही पण कान ते करून टाकतो. बालू-वाळू हे त्याच रांगेतलं आहे, थोडा धक्का मिळाला की लागतं. तो धक्का कसा द्यायचा ते पुढे येतं.

दुसऱ्या खर्ड्यात तो एकदम दुसऱ्या टोकाला गेला. सगळे अनुवाद काढले, पण हिंदी ओळी तिरप्या टाइपात आणि खाली तळटीपा, सव्वीस ओळींना नऊ टीपा. तळटीप म्हणजे अनुवादच की, फक्त तो जिना उतरून खाली गेलाय. तिरप्या टाइपाचं मात्र आमचं खरं भांडण झालं. तो म्हणत होता की दोन्ही भाषा देवनागरीतच लिहिल्या जातात तर वाचकाला डोळ्याने फरक कळणार कसा. माझं म्हणणं, तोच तर फायदा आहे! लिपी वेगळी असती तर ओळ वाचण्याआधीच डोळ्याला भाषा कळली असती, आणि "खाली" हा शब्द दोन्हीकडे उभा राहूच शकला नसता. तिरपा टाइप केला की आपण हाताने तो फायदा घालवतो.

यातूनच एक बारीक गोष्ट ठरवावी लागली, नुक्त्याची. हिंदीत काटेकोर लिहायचं तर "ख़ाली", ख खाली टिंब. ते टिंब दिलं की शब्द हिंदीचाच झाला, मराठी अर्थ गेला. पण रोजच्या हिंदीत लोक हे टिंब सर्रास सोडतात, त्यामुळे "खाली" लिहिणं खोटं नाही. "गाड़ी" मधलं ड खालचं टिंब मात्र हिंदीत कुणी सोडत नाही, ते सोडलं तर चूक दिसते. मग असं ठरलं की ड़ चं ठेवायचं, ख चं नाही. आता "गाड़ी खाली" या दोन शब्दांत पहिला स्पष्ट हिंदी आणि दुसरा कुणाचाही. छापताना कुणी दुरुस्ती करू नये म्हणून त्याने पुढे कविता पाठवताना वर एक ओळ लिहायला सुरुवात केली, टिंबं आहेत तशीच ठेवा.

तिसऱ्या खर्ड्यात टीपा गेल्या, तिरपा टाइप गेला, आणि एक नवीनच रोग आला. आता दोन भाषा मिसळायच्याच आहेत तर मनमोकळं मिसळू असं त्याला वाटलं आणि "मैं खाली बघतो", "आई पूछती कधी येणार" अशा ओळी आल्या. अशा ओळी वाचायला चटपटीत वाटतात पण असं कुणी बोलत नाही. मी त्याला म्हटलं, एक दिवस फक्त ऐक, तू भाषा कुठे बदलतोस ते. त्याने खरंच केलं, नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. निघालं असं की तो जवळजवळ नेहमी माणूस बदलला की भाषा बदलतो, साहेब समोर आला की हिंदी, फोन कानाला लागला की मराठी. वाक्याच्या मधे बदलतो ते फार कमी वेळा आणि तेही ठरलेल्या पद्धतीने, म्हणजे साइटचा एखादा शब्द उचलून त्याला मराठी क्रियापद लावतो, "गिनती चालू आहे", "सेंटरिंग खोललं" असं. सर्वनाम एका भाषेचं आणि क्रियापद दुसऱ्या भाषेचं असं त्याच्या तोंडून दिवसभरात एकदाही आलं नाही.

मग नियम सोपा झाला. आई बोलेल ते मराठी, साहेब बोलेल ते हिंदी, हा माणूस ज्याला उत्तर देतोय त्याच्या भाषेत उत्तर देईल. वाक्यात मिसळ अख्ख्या कवितेत एकदाच, आणि तीसुद्धा जीभ घसरली म्हणून.

हे ठरवताना मला एकनाथांचं हिंदू-तुर्क संवादाचं भारूड आठवलं. सोळाव्या शतकातलं, त्यात तुर्क दखनी वळणाच्या हिंदीत बोलतो आणि हिंदू मराठीत, आणि ऐकणाऱ्याला मधे कुणी अर्थ सांगत बसत नाही, कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या उत्तरातून उलगडतं. भांडणात समोरच्याला काय लागलं ते उत्तरावरून कळतंच. आमच्या कवितेत भांडण नव्हतं, पण उत्तर होतं.

उत्तरापेक्षाही जास्त उपयोगी पडली ती कृतीची ओळ. म्हणजे हिंदी प्रश्न आणि हिंदी उत्तर यांच्यामधे मराठीत एक छोटी हालचाल. साहेब विचारतो "बालू कितना बचा?", मग "ढिगाकडे बघतो", मग "आधा, साब". ही ओळ अनुवाद करत नाही, ती फक्त डोळे कुठे गेले ते सांगते, पण ढीग दिसला की मराठी वाचकाचा कान बालूची वाळू करून टाकतो, मगाशी म्हटलं तो धक्का हाच. आधी इथे त्याची ओळ होती, "दोन बालू, एक मोजायचा, एक मोजणारा". ओळ म्हणून बरी होती, मलाही आवडली होती, पण ती वाचकाच्या आधी हसते. ती काढायला त्याला दोन आठवडे लागले.

आणखी एक काढावं लागलं ते मला स्वतःला जड गेलं. कविता मुळात सुचली ती एका जुन्या फजितीवरून. साइटवर नवीन असताना कुणीतरी त्याच्यापुढे रजिस्टर ठेवून म्हणालं, "इसको सही कर". म्हणजे चुकलेला आकडा दुरुस्त कर. याने मराठीतली सही केली, चुकलेल्या आकड्याखाली! प्रसंग इतका छान आहे की तो कवितेत असायलाच हवा असं दोघांनाही वाटत होतं. पण खाली, बालू आणि सही असे तीन दुहेरी शब्द एका कवितेत आले की वाचक माणसाकडे बघत नाही, पुढची कोटी कुठे आहे ते शोधत बसतो. बालू हे तर नावच आहे, ते जाणार नाही, खाली हा कवितेचा कणा आहे. सही गेली.

चौथा खर्डा असा झाला:

"बाळू, खाली बघू नको हं."
"नाही बघत, आई."
एका कानात फोन,
दुसऱ्या कानात साइट.

"बालू, गाड़ी खाली?"
वाकून बघतो. "खाली, साब."
"पूरी खाली?"
"पूरी."

"कोण ओरडतंय रे?"
"वारा आहे, आई."

"बालू, बालू कितना बचा?"
ढिगाकडे बघतो.
"आधा, साब."

"बालू, खाली है क्या?"
"नहीं साब, गिनती चालू है."
"हो जाए तो आ."

"बाळू, ऐकतोयस ना?
कधी येतोयस?"
"खाली नाही, आई."
"हां. नकोच बघू."

इथे शेवटचं काम "खाली" च्या तिसऱ्या अर्थावर चालतं, हिंदीत खाली म्हणजे मोकळा, हाताला काम नसलेला. आईने विचारलं कधी येतोस, हा म्हणतो "खाली नाही", म्हणजे सध्या मोकळा नाही, सुट्टी नाही. साइटचा शब्द, घरचं "नाही". आई ऐकते मराठी, की पोरगा खाली बघत नाहीये, आणि तिला बरं वाटतं. हा तिसरा अर्थ आधी पेरल्याशिवाय शेवट उभाच राहत नाही, म्हणून त्याच्या आधीचं कडवं आहे, "खाली है क्या?" आणि त्याचं उत्तर "नहीं साब, गिनती चालू है". काम चालू आहे हे उत्तर आलं की प्रश्न मोकळं असण्याचा होता हे कळतं. हे कडवं पहिल्यांदा त्याने गाडीच्या कडव्याच्या आधी घातलं होतं, पण मग शेवटपर्यंत वाचक ते विसरत होता. शेवटाच्या अगदी अलीकडे आणलं तेव्हा बसलं.

मग तीन लोकांना वाचून दाखवलं. वाचून, हातात न देता. मी कागदावर फक्त एवढंच टिपत होतो की ऐकणारा कुठे थांबला आणि थांबून परत आला का. माझ्या आत्याला हिंदी कानावर असते, बोलता फारशी येत नाही. ती "गिनती" ला अडली पण लगेच "गणती का?" म्हणून पुढे गेली. अशा अडण्याची मला काळजी नाही, एखादा शब्द निसटला तरी चालतो. पण "हो जाए तो आ" ला ती खरीच हरवली, तिला वाटलं आई म्हणतेय, घरी ये. हे चालणार नव्हतं, कारण कोण बोलतंय हे गेलं की पुढचं सगळंच गेलं. कारण शोधलं तर सोपं होतं, बाकी प्रत्येक वेळी आवाज बदलला की नाव तरी येतं, ळ ऐकू आला की घर आणि ल ऐकू आला की साइट, नाहीतर आधीच्या ओळीवरून कळतं. या ओळीत नावही नाही, आणि "आ" तर कुणीही म्हणेल. ओळ काढून टाकली. कडवं दोन ओळींचं राहिलं आणि साहेबाचं बोलणं अर्धवट तुटलं, ते जास्त बरं वाटतंय.

दुसरा ऐकणारा साइटवरचाच, त्याला मराठी जेमतेम. तो "आधा, साब" ला हसला, आत्या तिथे हसली नव्हती, गप्प झाली होती. शेवटी त्याला "खाली नाही" बरोबर मोकळा नाही असंच कळलं आणि त्याने विचारलं, "माँ ने क्या बोला फिर?" म्हणजे त्याला मुलाची बाजू पूर्ण मिळाली आणि आईचीच निसटली. आत्याचं उलट झालं, तिला पहिल्या वेळी आईचंच खरं वाटलं, की बाळू खाली बघत नाहीये, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर ती म्हणाली, "अगं बाई, तो येत नाही म्हणतोय." तिसऱ्या ऐकणाऱ्याला दोन्ही भाषा उत्तम येतात आणि त्याला सगळं पहिल्याच फेरीत कळलं, पण त्याच्याकडून मला टिपण्यासारखं काहीच मिळालं नाही. अशी कविता तपासायची असेल तर दोन्ही भाषा येणारा माणूस सगळ्यात कमी कामाचा, हे मला यावेळी कळलं.

मोठ्याने वाचताना एक अडचण आहे ती सांगून ठेवतो. शुद्ध उच्चाराची सवय असलेला कुणी ख ला घशातून घासून म्हणाला की कागदावरून काढलेलं टिंब आवाजात परत येतं, आणि शेवट पडतो. ळ आणि ल यांतला फरक मात्र जरा जास्तच स्पष्ट म्हणावा लागतो.

आणि हे सगळं मराठी-हिंदीत जमलं कारण या दोन भाषा शेजारच्या आहेत, सारखे दिसणारे आणि वेगळं सांगणारे शब्द ढिगाने आहेत, शिक्षा, राग, चेष्टा, संसार. ज्याच्या घरची आणि कामाची भाषा एकमेकींपासून लांबच्या असतील त्याला "खाली" सारखा बिजागरीचा शब्द सहसा मिळणार नाही, लिपीही वेगळी असेल, आणि तो ओढून आणलेला तर लगेच दिसेल. तिथे उत्तर आणि कृतीची ओळ एवढीच हत्यारं उरतात, त्यावर कविता होते, पण मग ज्या भाषेत कृतीच्या ओळी आहेत त्या भाषेच्या वाचकासाठीच ती होते.

हे आम्हाला आता जाणवतंय कारण त्या साइटवरच्या गड्याने स्वतःच्या घरी वाचायला कविता मागितली. मित्राने "वाकून बघतो" चं "झुक के देखता हूँ" केलं, ढिगाची ओळही हिंदी केली, आणि दिसलं की आता पहिलीच ओळ, "खाली बघू नको हं", उघडी पडलीये. हिंदी वाचकाला ती "रिकामं" काहीतरी नको अशी ऐकू येते, आणि तिच्या आधी कुठलीही हालचाल नाही जी सांगेल की माणूस उंचावर उभा आहे. सध्या तो आईच्या आधी एक ओळ शोधतोय, ज्यात पाय कुठे आहेत ते दिसेल.